पेजवर शुक्रवार, पैसे भरल्यावर शनिवार, मग सोमवार: डिलिव्हरीची तारीख का सरकते आणि आपण काय बघायचं

"पेजवर शुक्रवार दाखवत होतं, पैसे भरले तर शनिवार झालं, आता सोमवार दाखवतंय, पार्सल हरवलं का काय?" हा प्रश्न मला सारखा येतो. मी कोल्हापुरात राजारामपुरीत छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचं पॅकिंग आणि डिस्पॅच बघतो, त्यामुळं पार्सल दुसऱ्या बाजूनं कसं दिसतंय ते मला रोज दिसतं. बहुतेक वेळा पार्सल हरवलेलं नसतंय. तारीख का सरकली हे ट्रॅकिंगमध्येच दिसत असतंय, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी ती तारीख बनते कशी ते बघू. पेजवर जी तारीख दिसते ती कुणी माणूस ठरवत नाही. सिस्टीम चार गोष्टींची बेरीज करते. विक्रेत्याला माल काढून पॅक करायला किती वेळ लागतो, कुरियरची गाडी तो माल कधी उचलते, त्या गोदामाच्या पिनकोडपासून तुमच्या पिनकोडपर्यंत पार्सल पोचायला आजवर किती दिवस लागलेत, आणि तुमच्या भागातलं डिलिव्हरी सेंटर कुठल्या वारी घरपोच वाटप करतं. यात रविवार-सुट्ट्या धरतात आणि वर थोडी सैल जागा सोडतात. म्हणजे ती तारीख एका ठरावीक पिनकोडसाठी, एका ठरावीक गोदामातल्या मालासाठी आणि तुम्ही पेज उघडलं त्या मिनिटासाठी असते. या तिन्हीपैकी एक जरी बदललं तरी तारीख बदलते.

आता सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. तुम्ही लॉगिन न करता, पिनकोड न टाकता पेज उघडलं तर साइट तुमच्या इंटरनेट कनेक्शनवरनं अंदाज लावते की हा माणूस कुठला. आणि मोबाइल नेट वापरताना कोल्हापुरात बसलेला माणूस साइटला कितीतरी वेळा पुण्यात नाहीतर मुंबईत दिसतो, कारण कंपनीचं नेट तिकडनं बाहेर पडत असतं. मग पेजवर "उद्या मिळेल" दिसणारच की. पैसे भरायच्या पानावर तुमचा खरा पत्ता येतो आणि तारीख दोन-तीन दिवस पुढं जाते, आणि माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. तेच जुना पत्ता सेव्ह असेल तर होतं, पोरगं पुण्याला शिकायला होतं तेव्हाचा होस्टेलचा पत्ता अजून डिफॉल्ट असतो आणि ऑर्डर मात्र गावाकडं मागवायची असते. म्हणून तारखेवर विश्वास ठेवायच्या आधी पेजवर जिथं पिनकोड लिहिलेला असतो तिथं बोट लावून आपलाच आहे का ते बघा, शहरातला असेल तर 416001 वगैरे, इचलकरंजीला मागवत असाल तर 416115.

याच ठिकाणी एक चाचणी करून बघा, मला ही फार उपयोगी वाटते. आधी आपला पिनकोड टाका, तारीख लक्षात ठेवा, मग दिल्लीचा 110001 टाका. तारीख हलली तर साइट खरोखर हिशोब करतेय. दोन्हीला एकच तारीख आली, किंवा "5 ते 7 दिवस" असलंच काहीतरी मोघम आलं, तर तिथं बहुतेक हिशोब वगैरे नाही, विक्रेत्यानं सेटिंगमध्ये एकदा आकडा भरून ठेवलाय आणि आजच्या तारखेत तेवढे दिवस मिळवून दाखवतायत. छोट्या दुकानांच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे सर्रास असतं. त्यात वाईट हेतू असतो असं नाही, पण असल्या तारखेवर लग्नाचा आहेर मागवू नका. शिवाय तिथं ते दिवस कामाचे आहेत का कॅलेंडरचे हे विचारून घ्या, कारण मध्ये रविवार आणि एखादी सुट्टी आली की पाच दिवसांचे सात होतात.

आता कटऑफ. पेजवर बारीक अक्षरात असतं बघा, "पुढच्या 50 मिनिटांत ऑर्डर केल्यास शुक्रवारपर्यंत". लोकांना ती घाई करायची युक्ती वाटते, आणि काही ठिकाणी तसा वापर होतही असेल, पण बऱ्याचदा त्याच्यामागं खरं वेळापत्रक असतं. गोदामात संध्याकाळी एका ठरावीक वेळेपर्यंत आलेल्या ऑर्डरी त्या रात्रीच्या गाडीसाठी काढतात, त्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाच्या. त्यामुळं इथं उशीर मिनिटांच्या प्रमाणात वाढत नाही. गावाकडची मुक्कामाची एसटी पाच मिनिटांनी चुकली तर तुम्ही घरी पाच मिनिटं उशिरा पोचत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचता, तसंच आहे हे. पार्सलच्या वाटेत अशा गाड्या तीन-चार असतात, गोदामातनं हबला, म्हणजे पार्सलं गावांप्रमाणं वेगळी करायच्या मोठ्या केंद्राला, हबमधनं दुसऱ्या हबला, तिथनं तालुक्याला, आणि बऱ्याच टप्प्यांवर दिवसाला एकच गाडी असते. कुठलीही एक चुकली की अख्खा दिवस गेला, आणि तो दिवस शनिवार असेल तर दोन.

आणि ती सैल जागा म्हणजे काय तेही सांगतो, कारण पुढं तिचा संबंध येणार आहे. समजा एका मार्गावर शंभर पार्सलं गेली. त्यातली साठ तिसऱ्या दिवशी पोचली, पंच्याऐंशी चौथ्यापर्यंत, पंच्याण्णव पाचव्यापर्यंत, उरलेली कधीतरी. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) आता पेजवर कुठला दिवस लिहायचा? सरासरी लिहिली तर खूप जणांना उशीर होणार आणि शिव्या बसणार. म्हणून साइट साधारण असा दिवस निवडते की ज्याच्या आत बहुतेक पार्सलं पोचलेली असतात, इथं पाचवा धरा. पण लांबची तारीख दाखवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या साइटवर जातं, त्यामुळं ती जवळ ओढायचाही दाब असतोच. सेलच्या दिवसांत लोक जास्त चिडतात त्याचं एक कारण हेच, मागचा इतिहास साध्या दिवसांचा आणि गोदामात माल दसरा-दिवाळीचा. हीच सैल जागा उरली की पार्सल कधीकधी सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी पण येतं, तेव्हा कुणी विचारत नाही का आलं म्हणून.

आता एक केस पूर्ण बघू. माझा मामेभाऊ गडहिंग्लजला असतो, त्यानं मामीसाठी मिक्सर मागवला. सोमवारी संध्याकाळी पावणेसातला पेज उघडलं तर बुधवार दाखवलं, त्यात पुण्याचा पिनकोड होता. 416502 टाकल्यावर शुक्रवार झाला, आणि खाली होतं की साडेसातच्या आत ऑर्डर करा. हा शुक्रवार कसा आला ते मांडून बघा. माल भिवंडीच्या गोदामात. सोमवारी रात्री पॅक होऊन गाडीत, मंगळवारी तिथल्या हबमध्ये छाटणी, मंगळवारी रात्री हायवेची मोठी गाडी, पुणे-सातारा-कराड करत बुधवारी कोल्हापूरच्या हबला. बुधवारी इथं परत छाटणी, गुरुवारी पहाटे गडहिंग्लजची गाडी, गुरुवारी दिवसभरात घरपोच. आणि एक दिवस सैल. म्हणून शुक्रवार. अगदी सरळ हिशोब आहे.

त्यानं सव्वासातला युपीआयनं पैसे पाठवले. खात्यातनं गेले, पण साइटवर "पेंडिंग" राहिलं आणि ते पक्कं व्हायला पावणेआठ वाजले. ऑर्डर त्याच्या दृष्टीनं सव्वासातला झाली, गोदामाच्या दृष्टीनं पावणेआठला, म्हणजे कटऑफ गेल्यावर. मालाचा नंबर मंगळवारच्या गाडीत लागला आणि कन्फर्मेशनच्या मेसेजमध्येच शनिवार आला. हा झाला पहिला बदल, आणि तो इथं पार्सल पॅकही व्हायच्या आधीचा आहे. मेसेज नीट वाचला असता तर त्याच मिनिटाला कळलं असतं, पण लोक पेजवर बघितलेली तारीख डोक्यात धरून बसतात, मेसेजमधली बघतच नाहीत.

मंगळवारी दुपारी चारला "शिप्ड" आलं. भाऊ खूश, म्हणाला निघालं. मी त्याला म्हटलं थांब, अजून काही निघालेलं नाही. कारण "शिप्ड" हा शब्द बऱ्याच ठिकाणी लेबल छापलं, कुरियरच्या सिस्टीमला नंबर गेला की लागतो. आम्ही पण सकाळी अकराला लेबलं काढतो आणि गाडी संध्याकाळी सहाला येते, मधले सात तास गिऱ्हाइकाला शिप्ड दिसतं आणि खोकं आमच्या टेबलावर असतं. खरा पुरावा म्हणजे पहिलं प्रत्यक्ष स्कॅन, ज्याच्यापुढं जागेचं नाव आणि वेळ असते, "पिकअप झालं" किंवा "अमुक हबला पोचलं". तिथपर्यंत पार्सल विक्रेत्याकडंच आहे असं समजायचं. याचं पहिलं स्कॅन मंगळवारी रात्री अकराला भिवंडी हबचं पडलं. सगळं ठीक.

गुरुवारी सकाळी स्कॅन आलं सांगलीचं. भाऊ घाबरला. झालं काय असणार, तर छाटणीत पार्सल कोल्हापूरऐवजी सांगलीच्या बॅगेत पडलं. हबमध्ये पार्सलं एकेक सुटी जात नाहीत, एका ठिकाणची सगळी एका मोठ्या बॅगेत भरून बॅगेवर सील लावतात, आणि बॅग उघडली जाते ती थेट त्या ठिकाणी. त्यामुळं चुकीच्या बॅगेत गेलेलं पार्सल वाटेत कुणाला सापडत नाही, पोचल्यावरच सापडतं. सांगलीतनं ते शुक्रवारी कोल्हापूरला आलं. आणि बघा, एवढं होऊनसुद्धा तारीख शनिवारच राहिली, कारण ती एक दिवसाची सैल जागा यात खर्ची पडली. म्हणजे चूक झाली की तारीख सरकते असं नाही, सैल जागा संपली की सरकते.

शनिवारी पहाटेची गाडी कोल्हापुरातनं निघाली, कागलवरून गडहिंग्लजला पोचली, पण तिथल्या सेंटरमध्ये माल उतरवून छाटणी होईपर्यंत वाटपाची पोरं बाहेर पडली होती. त्या सेंटरचं रविवारी वाटप नाही. म्हणून सोमवार. आणि हा सोमवार भावाला कधी दिसला? शनिवारी रात्री नऊला! दिवसभर "आज मिळेल" दाखवत होतं, मामी दुपारभर दारात येऊन बघत होती.

या शेवटच्या गोष्टीचा मला खरंच राग येतो, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. बऱ्याच सिस्टीम तारीख तेव्हाच नव्यानं काढतात जेव्हा नवं स्कॅन पडतं. पार्सल "आउट फॉर डिलिव्हरी" झालं तर स्कॅन पडतं, पण "आज निघालं नाही" याचं स्कॅन नसतं. काहीच झालं नाही तर सिस्टीमला काहीच कळत नाही, आणि जुनी तारीख तशीच दिसत राहते, दिवस संपल्यावर मग पुढची टाकतात. तेव्हा तुमच्यासाठी साधा नियम असा की ज्या दिवशी मिळणार म्हणून लिहिलंय त्या दिवशी दुपारी बारा-एकपर्यंत "आउट फॉर डिलिव्हरी" आलं नसेल, तर त्या दिवशी बहुतेक येत नाही. शहरात दुपारनंतर दुसरी फेरी निघते काही ठिकाणी, पण तालुक्याला-खेड्याला ती आशा कमीच. घरात कुणाला थांबवून ठेवू नका.

आता दुसऱ्या प्रकारचा बदल, यात तारीख एक-दोन दिवस नाही, एकदम चार-पाच दिवस उडी मारते, आणि तीही पार्सल निघायच्या आधी. हे दिसलं तर बहुतेक गोदाम बदललंय. पेजवर तारीख दाखवताना भिवंडीत एक नग शिल्लक होता, तो दुसऱ्या कुणाला गेला, किंवा काढायला गेल्यावर फुटका निघाला, मग सिस्टीम तीच ऑर्डर गुरुग्रामच्या नाहीतर कोलकात्याच्या गोदामावर टाकते. तुम्ही एकाचे दोन नग केले तरी हे होतं, एक इथं आहे आणि दुसरा तिकडं. तपासायचं कसं, तर पहिलं प्रत्यक्ष स्कॅन कुठल्या गावचं पडतंय ते बघायचं. आणि यात अजून एक भर, पॉवर बँक, परफ्युम, स्प्रे असल्या वस्तूंना विमानात नियम कडक असतात म्हणून त्या बऱ्याचदा रस्त्यानंच येतात, त्यामुळं साधा शर्ट दिल्लीहून लवकर येतो आणि पॉवर बँकला आठवडा जातो.

पिनकोड चुकीचा असला तरी पार्सल फिरतं, आणि आपल्याकडं शहराला चिकटून असलेल्या गावांत हे फार होतं. माणूस सवयीनं कोल्हापूर 416001 लिहितो, राहतो उचगावला नाहीतर गोकुळ शिरगावला. छाटणी करणारं मशीन पत्ता वाचत बसत नाही, पिनकोड बघतं आणि शहराच्या सेंटरला टाकतं. तिथला पोरगा बघतो, आपल्या हद्दीत नाही, परत हबला. दिवस-दोन दिवस यातच जातात. ट्रॅकिंगमध्ये तुमचं पार्सल एका सेंटरला पोचून परत हबला गेलेलं दिसलं तर पहिल्यांदा स्वतःचा पिनकोड तपासा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायलाच पाहिजे. तारखेचा हिशोब मागच्या काही दिवसांच्या अनुभवावर चालतो, पंचगंगेला पाणी चढतंय हे त्याला माहीत नसतं. 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी आल्यावर शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता. पुण्याकडनं येणारं पार्सल नदीच्या पलीकडं अडकलं तर शहर समोर दिसत असूनही येऊ शकत नाही. पेजवर मात्र सुरुवातीचा दिवस-दोन दिवस नेहमीचीच तारीख दिसते, मग अचानक "या पिनकोडला सेवा नाही" येतं. त्यापेक्षा आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतोच की रोज, 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी इशाऱ्याच्या वर जाऊन चढतंच असेल तर औषधं, पोराच्या परीक्षेचं पुस्तक, असलं वेळेवर लागणारं काही ऑनलाइन मागवू नका, गावात मिळत असेल तिथनं घ्या. पाणी उतरल्यावरही दोन-चार दिवस तारखा खोट्या पडतात, कारण हबमध्ये साठलेला माल आधी निघतो.

मग तारीख सरकल्यावर करायचं काय? आधी बघा पार्सलचं पहिलं प्रत्यक्ष स्कॅन पडलंय का. पडलं नसेल आणि तारीख तीन-चार दिवसांनी पुढं गेली असेल, तर दुसऱ्या विक्रेत्याकडं तीच वस्तू तुमच्या पिनकोडला लवकर मिळतेय का बघा आणि मिळत असेल तर खुशाल रद्द करून तिकडनं घ्या, या टप्प्यावर कुणाचं फारसं नुकसान नाही. पण पार्सल कोल्हापूर हबला पोचलेलं असताना चिडून रद्द करू नका. नवी ऑर्डर परत भिवंडीतनं पहिल्यापासून सुरू होते, आणि जुनं पार्सल माघारी जाऊन पैसे परत यायला अजून काही दिवस जातात. मामेभाऊ शनिवारी रात्री तेच करायला निघाला होता, मी थांबवलं, सोमवारी साडेअकराला मिक्सर घरात होता.

तक्रार कधी करायची, तर सलग दोन कामाचे दिवस एकही नवं स्कॅन नाही तेव्हा, किंवा घरात माणूस असताना "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा पडला तेव्हा. दुसऱ्या प्रकरणात त्याच दिवशी करा, कारण असे दोन-तीन शेरे पडले की पार्सल आपोआप माघारी निघतं. आणि कस्टमर केअरला "माझं पार्सल कुठंय" एवढंच विचारलं तर ते स्क्रीनवरची तारीख वाचून दाखवतात, ती तुम्हाला दिसतेच आहे. त्याऐवजी शेवटच्या स्कॅनचं गाव आणि वेळ सांगा आणि विचारा की त्यानंतर पार्सल कुठल्या बॅगेत किंवा गाडीत गेलं, नाहीतर त्यांना शोध घ्यायची विनंती नोंदवायला आणि तिचा नंबर द्यायला सांगा. तो नंबर लिहून ठेवा. पैसे भरून झाल्यावर आलेल्या कन्फर्मेशनचा, त्यातल्या तारखेसकट, स्क्रीनशॉटही ठेवा, कारण पेजवरची तारीख नंतर कुणालाच दाखवता येत नाही. पुढं विक्रेता आणि साइट दोघं एकमेकांकडं बोट दाखवायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर हेच दोन पुरावे लागतात.